धागा: भाडेकरू बदलतोय, मधल्या महिन्यात रंग आणि किरकोळ दुरुस्ती. पेंटरला नेमकं काय लिहून द्यावं?

आर्वीचा_पुण्यात · २४ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात आमचं बाबांच्या वेळचं घर आहे. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर, मागे सांदवाडीत न्हाणी. शाळेतले एक मास्तर पाच वर्षं भाड्यानं होते, त्यांची बदली झाली, ३० एप्रिलला खाली करतायत. नवीन मॅडम १ जूनपासून येणार. म्हणजे मे महिना माझ्या हातात आहे आणि मी पुण्यात. गावात शेजारचे काका किल्ली सांभाळतील, तेवढीच मदत.

गावातल्या ठेकेदारानं फोनवर सांगितलं: "पूर्ण घर रंगवून, किरकोळ रिपेरिंग करून, मटेरियलसकट अडतीस हजार. अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर." कागद मागितला तर त्यानं व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली, तीत हेच. मागच्या वेळी दुसऱ्या एका माणसाकडून असंच करून घेतलं होतं. अर्धे पैसे दिल्यावर तो लग्नसराईत गेला तो थेट पोळ्याच्या सुमारास उगवला.

काय दुरुस्त करायचं ते सांगतो. हॉलच्या खिडकीखाली गिलावा फुगून पोपडे निघालेत. न्हाणीच्या भिंतीला खार फुटलाय. न्हाणीचं दार खालून कुजलंय, दोन नळ गळतात. बेडरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय. हॉलमध्ये खाली चार फूट ऑइल पेंटचा पट्टा आहे, तो मला नकोय.

अडतीस हजार जास्त आहेत का? आणि अर्धे-अर्धे सोडून दुसरं काय म्हणता येईल?

संत्राबाग · २४ एप्रिल, रात्री १०:१५

डिपॉझिट किती घेतलं होतं मास्तरांकडून? आमच्याकडे मोर्शीला एका भाडेकरूनं भिंतीत इतके खिळे ठोकले होते की जसा गोठाच. मी सरळ दोन महिन्यांचं डिपॉझिट ठेवून घेतलं. तो भांडत बसला, पण मी काही सोडलं नाही.

आर्वीचा_पुण्यात · रात्री १०:२०

दादा, माझा प्रश्न पेंटरचा आहे, मास्तरांचा नाही. ते भले माणूस होते.

उन्हाळी_भुईमूग · रात्री १०:४१

ओल असेल तर सोपं आहे. बाजारात डॅम्पप्रूफ म्हणून डबा मिळतो, त्याचे दोन हात मारायचे, वर पुट्टी, वर रंग. मी मागच्या वर्षी केलं, एकदम कोरडी भिंत. गिलावा वगैरे खोदायची गरज नाही, उगाच धूळ.

जुना_ओव्हरसियर · २५ एप्रिल, सकाळी ६:३०

भुईमूगराव, तुमची भिंत कोरडी झाली ती कदाचित बाहेरून पाणी येणं थांबलं म्हणून. आतून प्लास्टिकसारखा थर दिला की पाणी भिंतीत तसंच राहतं आणि थराच्या वरच्या बाजूला नाहीतर शेजारच्या कोपऱ्यात निघतं. छतावर बाहेरून तो डबा चालतो, आतल्या ओल्या भिंतीवर नाही.

आर्वीकर, आधी एक सांगा, हॉलच्या त्या खिडकीत कूलर होता ना?

आर्वीचा_पुण्यात · सकाळी ७:०५

होता! कसं ओळखलं?

जुना_ओव्हरसियर · सकाळी ७:४०

तीस वर्षं सरकारी क्वार्टरांची दुरुस्ती पाहिली. आपल्याकडे खिडकीखालचा गिलावा फुगला की दहातल्या नऊ वेळा कारण कूलरच असतो. स्टँड भिंतीला टेकलेला, टाकी भरताना पाणी सांडतं, ताटीतून थेंब उडतात, आणि खिडकीच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार नसेल तर ते सगळं भिंतीत मुरतं. एप्रिल ते जून रोज. पावसाळ्याआधीच भिंत पाणी पिऊन बसते. आता कूलर निघेल, महिनाभरात भिंत वरून कोरडी दिसेल, पेंटर पोपडे खरवडून पुट्टी भरेल. पुढच्या मे महिन्यात मॅडम कूलर लावतील आणि पुन्हा हेच.

म्हणून तुमच्या कागदावर "खिडकीखालचा गिलावा दुरुस्त" एवढं लिहून भागणार नाही. तिथे दोन कामं आहेत. पहिलं पाण्याचं: उंबऱ्यावर बाहेर उतार देऊन सिमेंटनं नीट करणं, आणि कूलरचा स्टँड भिंतीपासून वीतभर लांब ठेवायची जागा करणं. दुसरं गिलाव्याचं: फुगलेल्या भागाच्या बाहेर एक फूट कोरड्या गिलाव्यापर्यंत खोदून काढणं, विटांच्या सांध्यातला भुगा तारेच्या ब्रशनं काढणं, धुणं, मग एकास चार सिमेंट-रेतीचा नवा गिलावा. ठोकून पाहायचं. पोकळ आवाज आला की तेवढाही काढायचा.

आणि त्या गिलाव्यावर लगेच रंग नाही. सात दिवस पाणी मारा. मे महिन्यात दिवसातून तीन-चार वेळा, नाहीतर वरून तडतडतो. नंतर किमान दोन आठवडे वाळू द्या. ताज्या सिमेंटवर इमल्शन चढवला की चट्टे पडतात, रंग उडतो. तुमचं वेळापत्रक रंगावर नाही, या गिलाव्यावर चालेल. म्हणून तोडफोड पहिल्या तीन दिवसांत.

आर्वीचा_पुण्यात · सकाळी ८:१०

हे डोळे उघडणारं आहे. पण माझी समजूत होती की पेंटरच ते करतो.

ब्रश_रोलर_चंद्रपूर · सकाळी ९:२५

मी स्वतः पेंटर हाय भाऊ, पंधरा वर्स झाले. तुमचा ठेकेदार लबाड हाय असं मी म्हणत नाई. पण "किरकोळ रिपेरिंग" असं लिहिलं का मंग किरकोळ म्हंजे काय ते ज्याच्या त्याच्या मनावर. तुम्हाले वाटते गिलावा, त्याले वाटते दोन खिळ्याचे छिद्र. मंग शेवटी भांडण. मले लिहून देणारा मालक आवडते, कारण मंग मलेबी "हे आपल्यात नव्हतं" म्हणता येते.

अन अर्ध्या ॲडव्हान्सचं सांगतो. तो पैसा कायले लागते? मटेरियलले. दुकानात उधारी चालत नाई. तुम्ही मटेरियल स्वतः दुकानातून घेऊन दिलं तर मले एवढा ॲडव्हान्स कायले पाह्यजे? पोरायचे दोन-तीन दिवसाचे पैसे पुरतात.

जुना_ओव्हरसियर · सकाळी १०:००

बरोबर. मजुरी वेगळी, मटेरियल वेगळं. आणि माप आधी घ्या, नंतर रकमेवर बोला. काकांना टेप घेऊन खोल्या मोजायला सांगा.

आर्वीचा_पुण्यात · संध्याकाळी ७:३०

काकांनी मोजलं. हॉल १० बाय १४, बेडरूम १० बाय १२, स्वयंपाकघर १० बाय ८. उंची सगळीकडे १० फूट. दारं चार, प्रत्येक ३ बाय ७, त्यातली दोन आतली. खिडक्या तीन, ४ बाय ४. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणतो, "बाविसशे फूट रंगकाम बसते, आता काय मोजता?"

जुना_ओव्हरसियर · रात्री ८:१५

चला, करू. भिंतींचा घेर गुणिले उंची. हॉलचा घेर ४८, म्हणजे ४८० चौरस फूट. बेडरूम ४४, म्हणजे ४४०. स्वयंपाकघर ३६, म्हणजे ३६०. भिंती मिळून १२८०. छत १४० अधिक १२० अधिक ८०, म्हणजे ३४०. एकूण १६२०. आता वजावट. बाहेरच्या दोन दारांची एकेक बाजू, आतल्या दोघांच्या दोन-दोन, अशा सहा बाजू गुणिले २१ म्हणजे १२६. खिडक्या ४८. वजावट १७४. निव्वळ १४४६, म्हणजे साडेचौदाशे धरा.

बाविसशे म्हणणारा माणूस चोरच असेल असं नाही. न्हाणी, दारं, ग्रिल त्यात धरली असतील. पण ते त्यानं ओळीओळीनं लिहावं.

अनेक जण चटईक्षेत्राच्या साडेतीन पट धरतात. तुमच्या घराला ते ११९० येतं, म्हणजे इथे ते पेंटरच्याच अंगावर आलं असतं. छोट्या खोल्या आणि उंच भिंती असल्या की ती पट फसते. टेप हाताशी असताना अंदाज कशाला?

ब्रश_रोलर_चंद्रपूर · रात्री ८:४०

ओव्हरसियर साहेब, दारं-खिडक्या वजा करता, पण चौकटीच्या कडेनं जे हात फिरवावं लागते त्याचं कोण देते? म्हणून आम्ही वजा नाई करत. हे सांगून ठेवतो, हे भांडण जुनं हाय.

जुना_ओव्हरसियर · रात्री ८:५५

हे भांडण माझ्या नोकरीएवढंच जुनं आहे. वजा करायचं नसेल तर दर थोडा कमी करा, काहीही करा, पण काय धरलं ते कागदावर असू द्या.

उन्हाळी_भुईमूग · रात्री ९:३०

रंग किती लागेल? माझ्या पेंटरनं मला वीस लिटरचा डबा आणि पुट्टीच्या चाळीस किलोच्या दोन गोण्या आणायला सांगितल्या होत्या. अर्धा डबा उरला, तो त्यानंच नेला.

ब्रश_रोलर_चंद्रपूर · रात्री १०:०५

उरलेला डबा मालकाचा, त्यात वाद नाई. पण डब्यातलं टोकन पेंटरचं, त्यात हात घालू नका. आमची ती वरकमाई हाय. अन हेबी खरं सांगतो, टोकनासाठी काही पोरं महागाच्या डब्याचा आग्रह धरतात.

साध्या इमल्शनचा एक लिटर दोन हातात शंभर-सव्वाशे फुटाच्या आसपास जाते, भिंत गुळगुळीत असली तर. तुमच्या भिंती निव्वळ अकराशे. दहा लिटरचा डबा. छत पांढरं, ३४० फूट, चार लिटर. पुट्टी सगळ्या घराले नको, नुसती भरणीले वीस किलो. अस्तर चार लिटर, जिथं पुट्टी अन नवा गिलावा तिथंच. अन डबे बंद आणा, काकांसमोर उघडा. रंग मिसळून घेतला का झाकणावरचा शेडचा नंबर फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी टचअपले लागते.

आर्वीचा_पुण्यात · २६ एप्रिल, सकाळी ७:२०

पट्ट्याचं राहिलं. ठेकेदार म्हणतो, "वरून इमल्शन मारतो, पट्टा झाकून जाईल."

ब्रश_रोलर_चंद्रपूर · सकाळी ७:५०

नाई झाकत. चकाकणाऱ्या ऑइलवर पाण्याचा रंग धरत नाई. महिनाभरानं नख लावलं का साल निघते केळ्यासारखी. आधी पॉलिश पेपरनं घासून चकाकी मारायची, मंग अस्तर, मंग रंग. घासाई जीव घेणारी हाय, एकशे नव्वद फूट पट्टा म्हंजे दोन पोरायचा एक दिवस. तो दिवस तुमच्या दरात बसला नाई तर तो घासाई टाळते. म्हणून त्याचे वेगळे पैसे द्या, नाहीतर पट्टा तसाच ठेवून वरून पुन्हा ऑइल मारा. मॅडमचे लेकरं असतील तर पट्टाच बरा, पुसता येते.

वऱ्हाडीताई · सकाळी ८:३५

भाड्याच्या घराला खाली पट्टा पाहिजेच. माझं तर पंधरा वर्षं असंच आहे. तुम्ही पुण्यात राहून काय पाहताय, भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग पडतात ना, ते कोण पुसणार?

आर्वीचा_पुण्यात · २६ एप्रिल, रात्री ९:००

बरं, पट्टा राहू देतो. सगळं ऐकून कागद लिहिला. जरा पाहा, चुकलं तर सांगा.

कामाची यादी, जागेनुसार:

हॉल: खिडकीखाली अंदाजे ४ बाय ३ फूट गिलावा खोदून नवा. फूटभर पुढपर्यंत पोकळ निघाला तर तोही याच दरात. उंबऱ्याला बाहेर उतार. पट्टा घासून एक हात ऑइल. भिंती आणि छत: खरवडणं, भरणी, घासाई, गरज तिथे अस्तर, दोन हात इमल्शन.
बेडरूम: तसंच, पट्टा नाही. तिरकी भेग फक्त भरणे.
स्वयंपाकघर: ओट्यावरची चिकट भिंत साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळल्यावरच अस्तर, मग दोन हात.
न्हाणी: खार फुटलेला सुमारे २० फूट गिलावा खोदून नवा. दार नवं, पत्र्याचं. दोन नळांचे वायसर.
यात नाही: बाहेरची भिंत, गच्ची, ग्रिल, वायरिंग. सांगितल्याशिवाय करू नये, केलं तर वेगळे पैसे नाहीत.

पाणी आणि वीज माझी. मटेरियल दुकानातून मी मागवतो, यादी ठेकेदारानं द्यावी, रिकामे डबे काकांकडे.

वेळापत्रक: १ ते ३ मे खोदकाम. ४ मेला गिलावा. ११ पर्यंत पाणी. ८ पासून बाकीच्या भिंतींची खरवडणी आणि भरणी. १५ पासून छत आणि कोरड्या भिंती. नव्या गिलाव्यावर २५ पासूनच अस्तर. २८ ला सफाई, ३० ला पाहणी.

मजुरी: रंगकाम १४५० फूट, दर ९ रुपये, म्हणजे १३,०५०. दुरुस्ती आणि पट्टा मिळून ६,५००. एकूण १९,५५०.

पैसे: सुरुवातीला ३,०००. खोदकाम आणि नवा गिलावा पाहिल्यावर ५,०००. भरणी, घासाई आणि अस्तर पाहिल्यावर ५,५००. दोन हात पूर्ण झाल्यावर ४,५००. उरलेले १,५५० पहिल्या चांगल्या पावसानंतर, ओल फुटली नाही तर.

जुना_ओव्हरसियर · २७ एप्रिल, सकाळी ६:१५

कागद चांगला आहे. पैशाचे टप्पे मुद्दाम कुठे ठेवलेत ते काकांना समजावून सांगा. प्रत्येक हप्ता अशा क्षणी आहे जेव्हा पुढचा थर मागचं झाकणार असतो. गिलाव्यावर अस्तर बसलं की आत काय खोदलं ते देवालाच माहीत. म्हणून हप्ता देण्याआधी तीन फोटो: लांबून, जवळून, आणि खोदलेल्या जागेचा टेप लावून. फोटो आला की पैसे त्याच दिवशी द्या. तिथे तुम्ही उशीर केलात तर कागद तुम्हीच मोडला.

दुसरा हात खरंच मारला का हे कसं कळेल? पहिला हात वाळल्यावर दारामागे तळहाताएवढी कागदी पट्टी चिकटवायला काकांना सांगा. काम झालं की काढायची. आत-बाहेर रंगात फरक दिसला तर दुसरा हात बसला. फरक नाही दिसला तर एक तर पट्टी उशिरा लावली, नाही तर दुसरा हात मारलाच नाही.

भरणीची पाहणी रात्री करा. लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरायचा. दिवसा गुळगुळीत दिसणारी भिंत तेव्हा नांगरलेल्या वावरासारखी दिसते.

मे महिन्यातलं एक. सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत ओली करावी लागते. आपल्या उन्हात तापलेली भिंत पुट्टीतलं पाणी शोषून घेते आणि पुट्टी भुकटी होते. वाळल्यावर तळहात फिरवा, हात पांढरा झाला तर ती खरवडून पुन्हा. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी, दुपारी नाही.

भेगेबद्दल सांगतो. तुमची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात ती आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि घर तिच्यासोबत हलतं. आता मे महिन्यात ती भेग सगळ्यात रुंद असते. तिच्यात सिमेंट ठासलं तर पावसाळ्यात माती फुगून ते दाबेल, नाहीतर शेजारून नवी भेग निघेल. लवचीक सीलंट भरा, वर जाळीची पट्टी, मग पुट्टी. आणि तिच्या आडव्या पेन्सिलीनं दोन रेषा मारून तारीख घाला. दरवर्षी वाढत गेली तर तो पेंटरचा विषय नाही, पायाचा आहे.

ब्रश_रोलर_चंद्रपूर · सकाळी ८:००

बाकी सगळं ठीक. पण ते १,५५० पावसानंतर, ते मी तरी कबूल करणार नाई. पेरणीच्या तोंडावर आमच्याले पैसे पाह्यजेत, अन पाऊस जुलैपर्यंत नाई आला तर? शिवाय ओल न्हाणीच्या खालून, जमिनीतून वर येते, त्याचा दोष माझ्या माथी का?

आर्वीचा_पुण्यात · सकाळी ८:३०

मग काय करावं? पाऊस पडल्याशिवाय ओल दिसतच नाही.

जुना_ओव्हरसियर · सकाळी ९:१०

त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. खिडकीखालचा भाग कूलरचा, तो तपासायला पाऊस नको, बाहेरून पाइपनं पाणी मारून कळतं. न्हाणीच्या खाराचं मात्र आज सांगता येत नाही. आधी भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आत थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. पण मेमध्ये थेंब दिसले नाहीत म्हणून ऑगस्टमध्ये येणारच नाहीत असं नाही. तेव्हा न्हाणीची हमी मागू नका. पैसे अडकवायचे असतील तर फक्त खिडकीखालच्या कामाचे.

तेंदूपत्ता · सकाळी ९:४०

माझं नागभीडकडे आहे. आमच्याकडे मे महिन्यात पोरं पत्ता तोडायला जातात, पेंटरचे हातच मिळत नाहीत. तुमच्या वेळापत्रकात ८ ते १५ मध्ये मजूर असतील का, तेवढं ठेकेदाराला आधी विचारा. नाहीतर कागद कागदाच्या जागी.

आर्वीचा_पुण्यात · २८ एप्रिल, रात्री १०:२०

विचारलं. तो म्हणाला, १० तारखेला त्याच्या साळ्याचं लग्न आहे, ९ ते १२ कोणी नाही. बरं झालं आत्ता कळलं. खोदकाम आधी असल्यामुळे ते चार दिवस गिलाव्यावर पाणी मारण्यातच जातील, तेवढं काम काका करतील. भरणी १३ पासून धरली, छत आणि कोरड्या भिंती १८ पासून. कागदावर त्याची सही घेतली, काकांच्या ओट्यावर बसून. २,२०० फुटाचं त्यानं पुढं काढलं नाही. दर ९ वरून ९.५० झाला, कारण दारं-खिडक्या वजा करून मोजतोय. ७२५ रुपये जास्त. मान्य केलं.

शेवटचे पैसे अडले होते. तडजोड अशी: ८०० रुपये काकांकडे राहणार, ३० मेला खिडकीबाहेरून पाइपनं अर्धा तास पाणी मारून आत ओल आली नाही तर लगेच द्यायचे. न्हाणीची हमी नाही.

आर्वीचा_पुण्यात · ६ जून, दुपारी ३:००

अपडेट. मॅडम १ तारखेला आल्या. पाइपची चाचणी ३० ला झाली, आत काही आलं नाही, ८०० दिले. दारामागची पट्टी काढली तेव्हा आतला चौकोन फिका दिसला, काकांनी फोटो पाठवला. मटेरियल मी १२,४०० चं मागवलं, दीड लिटर रंग उरला, तो माझ्या ओसरीवर आहे. सगळे मिळून ३२,६७५ लागले. अडतीसपेक्षा कमी, आणि त्यात पट्टा, न्हाणीचं दार आणि नळ.

एकच राहिलं. मास्तरांनी फोन करून विचारलं, डिपॉझिटमधून कूलरच्या भिंतीचे काही कापणार का? संत्राबाग दादा कापा म्हणतील. मला वाटतं उंबऱ्याला उतार नव्हता ही आमचीच चूक.

संत्राबाग · ६ जून, दुपारी ३:२५

अर्धे कापा.

वऱ्हाडीताई · दुपारी ४:१०

काहून अर्धे? घर तुमचं, उतार तुम्ही दिला नाही.

जुना_ओव्हरसियर · संध्याकाळी ६:००

मॅडमच्या कूलरचा स्टँड भिंतीपासून वीतभर लांब आहे का, तेवढं काकांना पाहायला सांगा.